लहान खोलीत शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर लावताय? कडा पुसट दिसल्या तर आधी भिंत तपासा, मग मशीन

मालवण : देवबाग, तारकर्ली, वायरी, आचरा या किनारपट्टीत घराची पडवी बंद करून केलेली खोली काही नवी नाही. कुणी तिथे पर्यटकांची सोय करतो, कुणी शिकवणी घेतो, कुठे बालवाडी भरते. खोली बहुतेक दहा बाय बाराची. अशा खोलीत मोठा पडदा हवा असेल तर साधा प्रोजेक्टर अडचणीचा होतो. तो भिंतीपासून लांब ठेवावा लागतो आणि माणसं मध्ये येतात. म्हणून लोक शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर घेतात, म्हणजे भिंतीच्या जवळून मोठं चित्र टाकणारा.

मशीन घरी येतं, चालू होतं, चित्र मोठं दिसतं. मग लक्षात येतं की मधली अक्षरं स्वच्छ आहेत, पण कडेची पुसट. नाहीतर वरची कड लाटेसारखी वाकडी. घेणाऱ्याला वाटतं मशीन खराब लागलं. काही वेळा ते खरंही असतं. पण आपल्याकडच्या घरांत बरेचदा दोष भिंतीत, पडद्यात किंवा मशीन ठेवण्यात असतो. हे ओळखायचं कसं आणि दुरुस्त कसं करायचं, ते या लेखात एकच खोली उदाहरणाला धरून बघू.

खोलीत कुठलं मशीन बसतं?

प्रोजेक्टर घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘थ्रो रेशो किती?’ हा. हा एक आकडा असतो आणि तो मशीनच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. पडद्याची रुंदी गुणिले हा आकडा, म्हणजे भिंतीपासून लेन्सचं अंतर. हिशोब एवढाच.

आपल्या उदाहरणातली खोली १० फूट बाय १२ फूट आहे. चित्र १० फुटी भिंतीवर टाकायचं आहे आणि आकार हवा ८० इंच. टीव्हीसारखाच हा आकार कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. टीव्हीच्या आकाराच्या चित्रात ८० इंचाला रुंदी सुमारे १७७ सेंटीमीटर आणि उंची सुमारे १०० सेंटीमीटर येते.

आता तीन तऱ्हेची मशीन घेऊ. साध्या प्रोजेक्टरचा आकडा १.५ असेल, तर १७७ गुणिले १.५ म्हणजे सुमारे २६६ सेंटीमीटर, जवळजवळ पावणेनऊ फूट. बारा फुटी खोलीत मशीन पाठीमागच्या माणसांच्या डोक्याजवळ येतं. शॉर्ट थ्रोचा आकडा ०.५ असेल तर अंतर सुमारे ८९ सेंटीमीटर, म्हणजे तीन फुटांच्या आत. आणि अल्ट्रा शॉर्ट थ्रो, ज्यात आतल्या आरशावरून उजेड भिंतीवर चढतो, त्याचा आकडा ०.२५ असेल तर सुमारे ४४ सेंटीमीटर, दीड फूटसुद्धा नाही.

इथे एक गोष्ट नीट बघा. हे अंतर लेन्सपासून किंवा आरशापासून मोजलेलं असतं. अल्ट्रा शॉर्ट थ्रोच्या पुस्तिकेत मात्र पुष्कळदा मशीनच्या पाठीपासून भिंतीपर्यंतचं अंतर दिलेलं असतं, आणि ते बरंच कमी असतं. कुठलं अंतर दिलंय ते चित्र बघून पक्कं करा, नाहीतर टेबल करून घेतल्यावर ते रुंदीला कमी पडतं.

आणखी एक. ही मशीन बहुधा चित्र लहान-मोठं करायला लेन्स फिरवून देत नाहीत. आकार बदलायचा तर मशीनच पुढे-मागे करावं लागतं. ०.५ च्या मशीनमध्ये मशीन १ सेंटीमीटर मागे घेतलं की चित्र २ सेंटीमीटर रुंद होतं. ०.२५ च्या मशीनमध्ये तेवढ्याच सरकण्याने ४ सेंटीमीटर. त्यामुळे डुगडुगणारं स्टूल इथे चालत नाही.

जवळून टाकलेला उजेड भिंतीचे दोष मोठे करतो

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडच्या भिंती चिऱ्याच्या. वरून गिलावा असला तरी गवंड्याच्या हातचा गिलावा काचेसारखा सपाट नसतो. कुठे पोट आलेलं असतं, कुठे खळगा. साध्या डोळ्याला ते दिसत नाही, कारण आपण भिंतीकडे समोरून बघतो. पण भिंतीला चिकटून खालून टॉर्च मारा, प्रत्येक उंचवट्याची सावली उठून दिसेल. अल्ट्रा शॉर्ट थ्रो नेमकं हेच करतो.

हिशोब करून बघू. आपल्या ८० इंची चित्राची खालची कड आरशापासून साधारण ३० सेंटीमीटर वर आहे असं धरलं, तर वरची कड १३० सेंटीमीटर वर येते. आरसा भिंतीपासून ४४ सेंटीमीटर. म्हणजे वरच्या कडेला जाणारा किरण जेवढा पुढे जातो त्याच्या जवळजवळ तिप्पट वर चढतो. भिंतीला तिथे १ सेंटीमीटरचं पोट असेल, तर किरण तिथे लवकर आदळतो आणि चित्र सुमारे ३ सेंटीमीटर खाली उतरतं. सरळ रेघ तिथे वाकते.

तीच भिंत, तेच १ सेंटीमीटरचं पोट, पण मशीन ०.५ चा शॉर्ट थ्रो असेल आणि वरची कड लेन्सपेक्षा ११० सेंटीमीटर वर असेल, तर चित्र साधारण सव्वा सेंटीमीटर सरकतं. आणि साधा प्रोजेक्टर २६६ सेंटीमीटरवरून टाकत असेल तर जेमतेम ४ मिलिमीटर. म्हणून साध्या प्रोजेक्टरवर जी भिंत चालत होती, तीच भिंत नव्या मशीनवर वाईट दिसते. भिंत बदललेली नसते, उजेडाचा कोन बदललेला असतो.

यातून निवडीचा एक साधा नियम निघतो. भिंतीला किंवा पडद्याला खर्च करायची तयारी नसेल, तर अल्ट्रा शॉर्ट थ्रोच्या मागे लागू नका. ०.५ च्या आसपासचा शॉर्ट थ्रो घ्या. तो भिंतीचे दोष बरेच पोटात घालतो.

भिंत तपासायची कशी?

गवंड्याकडे सहा फुटी सरळ अॅल्युमिनियमची पट्टी असते. ती मागून आणा. जिथे चित्र येणार तिथे भिंतीवर पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही बाजूंनी तिरकी टेकवा. पट्टीखाली कुठे नाणं सरकतंय का बघा. एखाद्या ठिकाणी एक नाणं जेमतेम जात असेल तर शॉर्ट थ्रोला ती भिंत चालेल. दोन-तीन नाणी एकावर एक ठेवून सरकत असतील तर तिथे रेघ वाकणार, हे धरून चाला.

मग रात्री दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च भिंतीला टेकवून खालून वर मारा. ब्रशचे ओरखडे, जुन्या रंगाचे पापुद्रे, खिळ्यांची भोकं, सगळं दिसेल. अल्ट्रा शॉर्ट थ्रोमध्ये चित्रावर तेच दिसणार आहे.

ओलीचाही विचार करा. पावसात ज्या भिंतीला ओल येते, तिच्यावर पुट्टी भरून रंग दिला तरी पुढच्या पावसाळ्यात फोड येतात. समुद्राकडच्या बाजूच्या भिंतीला हे जास्त होतं. अशी भिंत असेल तर तिच्यावरच चित्र टाकण्याचा हट्ट सोडा आणि पुढे दिलेला फळीचा उपाय करा.

पडदा कुठला? बाजारात चार तऱ्हा मिळतात

पहिली तऱ्हा, रंगवलेली भिंत. भिंत कोरडी आणि सपाट असेल तर हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पुट्टी भरायची, घासून घ्यायची, प्रायमर मारून वर पांढऱ्या मॅट इमल्शनचे दोन हात द्यायचे. रंग बारीक केसांच्या रोलरने द्या, ब्रशने नको. चकाकणारा ऑईल पेंट अजिबात नको. चकाकीमुळे मध्ये पांढरा डाग दिसतो आणि बाजूला बसलेल्याला चित्र काळवंडलेलं दिसतं. शाळेतल्या चकचकीत पांढऱ्या बोर्डावर चित्र टाकलं की हाच त्रास होतो.

दुसरी तऱ्हा, वरून ओढायचा गुंडाळी पडदा. हा स्वस्त मिळतो आणि पुष्कळ ठिकाणी असतो. साध्या प्रोजेक्टरला तो ठीक. पण त्याच्या दोन्ही कडा काही महिन्यांत आत वळायला लागतात आणि पंख्याच्या वाऱ्याने तो हलतो. शॉर्ट थ्रोला त्यामुळे कडा पुसट होतात. अल्ट्रा शॉर्ट थ्रोला तर हा पडदा घेऊच नये. दोन्ही बाजूंना दोरीचा ताण दिलेला गुंडाळी पडदा येतो, तो चालतो, पण महाग असतो.

तिसरी तऱ्हा, चौकटीवर ताणून बसवलेला पडदा. अॅल्युमिनियमच्या चौकटीला कापड चारही बाजूंनी ताणलेलं असतं. ते सपाट राहतं. साधा मॅट पांढरा घेतला की कुठल्याही मशीनला चालतो.

चौथी तऱ्हा, उजेडातही चित्र दिसावं म्हणून केलेला खास पडदा. अल्ट्रा शॉर्ट थ्रोसाठीच्या अशा पडद्यावर आडव्या बारीक धारा असतात. खालून येणारा उजेड त्या बघणाऱ्याकडे पाठवतात आणि वरून येणारा दिव्याचा उजेड गिळतात. पण तो फक्त खालून, अगदी जवळून येणाऱ्या उजेडासाठी असतो. साध्या शॉर्ट थ्रोवर तो लावला किंवा उलटा बसवला तर चित्र मंद दिसतं. म्हणून हा पडदा घेताना ‘माझ्या मशीनचा थ्रो रेशो एवढा आहे, चालेल का?’ हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. खोली दिवसा अंधारी करता येत असेल, तर साधा मॅट पडदा पुरतो.

आपल्या हवेला मानवणारा उपाय : सुताराकडून फळी

भिंत वाकडी आहे, ओलही येते आणि चौकटीच्या पडद्याला पैसे घालायचे नाहीत, अशा घराला एक उपाय बसतो. ८ फूट बाय ४ फुटी प्लायवूडची एक शीट घ्यायची. मापात ती २४४ बाय १२२ सेंटीमीटर होते. आपलं १७७ बाय १०० चं चित्र तिच्यात आरामात बसतं. प्लाय पाण्याला टिकणारा घ्या, जाडी १२ मिलिमीटर तरी असू दे. एमडीएफ नको, दमट हवेत तो फुगतो.

ही शीट थेट भिंतीला ठोकायची नाही. आधी भिंतीवर इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या बसवायच्या आणि त्यांच्यावर शीट स्क्रूने पकडायची. याचे दोन फायदे आहेत. मागून हवा खेळते, त्यामुळे भिंतीची ओल शीटला लागत नाही. आणि भिंत वाकडी असली तरी पट्ट्यांच्या मागे लाकडाच्या पातळ पाचरी घालून शीट सपाट करता येते.

सपाट झाली की नाही ते बघायची सुताराची जुनी रीत आहे. शीटच्या चार कोपऱ्यांवर सारख्या उंचीचे चार खिळे अर्धवट ठोका. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन दोरे तिरके ताणून बांधा. मध्ये जिथे दोरे एकमेकांवरून जातात तिथे ते नुसते टेकले, तर चारही कोपरे एका पातळीत आहेत. त्यांच्यात फट राहिली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबू लागला, तर एखादा कोपरा पुढे-मागे आहे. मग शीटला पोट नाही ना, ते अॅल्युमिनियमच्या पट्टीने बघा. पाचरी मारून दुरुस्त करा आणि मगच रंग द्या. स्क्रूची डोकी थोडी आत घेऊन वर पुट्टी भरायला विसरू नका, नाहीतर चित्रात ठिपके दिसतात.

चित्राच्या बाहेर जी शीट उरते तिथे काळं मॅट कापड चिकटवलं की कड उठून दिसते आणि मशीन केसभर हललं तरी डोळ्याला खुपत नाही.

मशीन ठेवताना : आधी जागा, शेवटी फोकस

बहुतेकजण मशीन ठेवतात, चालू करतात आणि लगेच मेनूतून `Keystone` करून चित्र चौकोनी करतात. हा क्रम उलटा आहे. कीस्टोन हे चित्र यंत्राच्या आत कापून चौकोनी दाखवणं आहे. त्याने मशीन भिंतीला सरळ होत नाही. तिरकं मशीन तिरकंच राहतं, त्यामुळे एक कड फोकसमध्ये आणि दुसरी बाहेर, हे तसंच राहतं. शिवाय कापलेल्या भागातले ठिपके वाया जातात आणि अक्षरांच्या कडा खरबरीत दिसतात.

म्हणून `Keystone` शून्य करा. आपोआप होणारं `Auto Keystone` असेल तर तेही बंद करा. मग पुढचा क्रम धरा.

भिंतीवर किंवा फळीवर चित्राच्या मध्यातून ओळंबा सोडून उभी रेघ आखा. मशीनची लेन्स त्या रेघेच्या समोर आणा. टेबल पाण्याच्या लेव्हलने आडवं-उभं सपाट करा. मोबाईलमधलं लेव्हलचं अॅपही चालेल. आता मशीनच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांपासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत, मिलिमीटरपर्यंत.

एवढं काटेकोर कशाला, असं वाटेल. आपल्या उदाहरणात मशीन ३० सेंटीमीटर रुंद आहे आणि उजवा कोपरा डाव्यापेक्षा फक्त १ सेंटीमीटर मागे राहिला, असं धरा. ०.५ च्या लेन्सला एवढ्याने चित्राची उजवी कड डावीपेक्षा सुमारे ७ सेंटीमीटर उंच होते. कोपरा ज्या बाजूचा मागे, त्या बाजूची कड मोठी. हे लक्षात ठेवलं की कुठला कोपरा पुढे सरकवायचा ते लगेच कळतं.

उंचीचंही तसंच. चित्र वर न्यायचं म्हणून मशीनच्या पुढच्या पायाखाली वही घालू नका. त्याने मशीन मागे कलतं, वरची कड रुंद होते आणि पुसट होते. चित्र वर हवं असेल तर अख्खं मशीन वर उचला, टेबल उंच करा. कौलारू घरात वाशाला मशीन टांगायचा विचार असेल तर सावध राहा. वारा-पावसात वासा थोडा तरी हलतो, आणि पंखा फिरताना येणारी थरथर चित्रात दिसते. भिंतीतून काढलेला लोखंडी हात किंवा जमिनीवरचं जड टेबल बरं.

सगळं सरळ झालं की मशीन वीस ते तीस मिनिटं चालू ठेवा आणि मग फोकस लावा. लेन्स तापली की फोकस किंचित सरकतो. थंड मशीनवर लावलेला फोकस अर्ध्या तासाने पुसट वाटतो, तो याच कारणाने.

फोकसला सिनेमाचं चित्र नको. मेनूत `Test Pattern` असेल तर त्यातली जाळी लावा. नसेल तर मोबाईलवर एक पांढरं पान करा, चार कोपऱ्यांत आणि मध्ये लहान अक्षरांत काहीही लिहा आणि ते पडद्यावर टाका. आधी मधली अक्षरं स्वच्छ करा, मग चारही कोपरे बघा.

कडा अजून पुसट? दोष कुठे आहे ते असं ओळखा

एकच बाजू पुसट आणि तीच बाजू उंचही असेल, तर मशीन तिरकं आहे. परत टेप लावा. फक्त वरची कड पुसट आणि रुंद असेल, तर मशीन मागे कललंय किंवा भिंत वर गेल्यावर मागे गेली आहे. ओळंबा सोडून बघा, कळेल. कडेला एखादाच तुकडा पुसट किंवा वाकडा असेल, तर तिथे भिंतीला पोट किंवा खळगा आहे.

खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. एक ताठ पांढरा पुठ्ठा घ्या. जो कोपरा पुसट दिसतोय तिथे तो भिंतीला टेकवून धरा आणि हळूहळू दोन-तीन सेंटीमीटर मशीनकडे आणा. वाटेत कुठेतरी अक्षरं स्वच्छ झाली, तर लेन्स ठीक आहे, तो कोपरा चुकीच्या अंतरावर आहे. म्हणजे काम भिंतीचं किंवा मशीन सरळ करण्याचं. पुठ्ठा पुढे आणून अक्षरं आणखी बिघडली, तर उलटं आहे, भिंत तिथे मशीनच्या जास्त जवळ आली आहे. अशा वेळी भिंत मागे नेता येत नाही, म्हणून मशीन तीन सेंटीमीटर मागे घ्या, फोकसला हात लावू नका आणि पुठ्ठा पुन्हा पुढे-मागे करून बघा. दोन्हीकडे कुठेच अक्षरं स्वच्छ होत नसतील, तर दोष लेन्सचा किंवा लेन्सवरच्या मळाचा.

चारही कोपरे सारखेच थोडे पुसट आणि मध्य स्वच्छ, असं असेल तर ती पुष्कळदा लेन्सची मर्यादा असते. स्वस्त मशीनमध्ये ती जास्त दिसते. अशा वेळी फोकस मधल्या अक्षरांवर न लावता मध्य आणि कोपरा यांच्या दरम्यानच्या अक्षरांवर लावा. मध्य केसभर कमी होतो, पण कोपरे वाचता येतात. बसायच्या जागेवरून, म्हणजे आठ-नऊ फुटांवरून वाचून बघा. तिथून अक्षरं लागत असतील तर फोकस पुरेसा आहे. पडद्याला नाक लावून बघितलं तर कुठलंच मशीन पूर्ण स्वच्छ दिसत नाही. चित्र पुस्तिकेत दिलेल्या सगळ्यात मोठ्या आकारापेक्षा मोठं केलेलं नाही ना, तेही एकदा बघा.

आणि सगळंच चित्र धुरकट, पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर वलय, असं दिसत असेल तर तो फोकसचा दोष नाही. लेन्सवर किंवा आरशावर धूळ, खारट हवेचा थर किंवा दमटपणाचं दव आहे. एसीच्या थंड खोलीतून मशीन बाहेरच्या दमट हवेत आणलं की थंड काचेवर दव धरतं. ते आपोआप जाईपर्यंत मशीन चालू करू नका. धूळ आधी हवेच्या लहान पंपाने उडवा, मग कॅमेऱ्याच्या लेन्सच्या कापडाने हलकेच पुसा. पंचा किंवा लुगड्याचा पदर नको. अल्ट्रा शॉर्ट थ्रोच्या आरशाला ओरखडा पडला तर तो कायमचा चित्रात दिसतो. पावसाळ्यात मशीन महिनोन्‌महिने बंद पेटीत ठेवू नका, बुरशी धरते. आठवड्यातून एकदा तासभर चालू करा. बंद केल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण घालू नका.

लहान मुलं असतील तिथे आणखी एक काळजी घ्या. जवळच्या टेबलावर ठेवलेल्या मशीनच्या लेन्समध्ये वाकून बघण्याचा मोह मुलांना होतो. हा उजेड डोळ्याला घातक आहे. काही मशीन कुणी पुढे आलं की उजेड आपोआप कमी करतात. तुमच्या मशीनमध्ये ती सोय असेल तर चालू ठेवा, आणि बालवाडीत टेबलापुढे लाकडी आडोसा करा.

शाळांनीही बघून घ्यावं

राज्यात २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यानंतर जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा डिजिटल झाल्या, कुठे शासनाच्या निधीतून, कुठे गावाच्या लोकवर्गणीतून. वर्गात प्रोजेक्टर आहे, पण मागच्या बाकावर कडेची अक्षरं लागत नाहीत, अशी अडचण असेल तर नवीन मशीनसाठी वर्गणी काढण्याआधी वरची पुठ्ठ्याची चाचणी करून बघा. तिला पाच मिनिटं लागतात. वर्गातल्या मशीनचं चित्र टीव्हीपेक्षा थोडं उंच आकाराचं असू शकतं, तेव्हा रुंदी टेपने मोजूनच थ्रो रेशोचा हिशोब करा.

परत करायची मुदत चालू असतानाच तपासा

नवीन मशीन घेतलंत तर खोका आणि आतला थर्माकोल फेकू नका. पहिल्याच दिवशी मशीन सरळ ठेवा, कीस्टोन बंद करा, अर्धा तास तापू द्या आणि एका सपाट प्लायवर किंवा चांगल्या भिंतीवर चार कोपऱ्यांची अक्षरं बघा. लेन्स स्वच्छ असून, पुठ्ठा पुढे-मागे करूनही एकच कोपरा कुठेच स्वच्छ होत नसेल आणि बाकीचे तीन होत असतील, तर दोष लेन्सचा आहे. ते घरी दुरुस्त होत नाही. कोपऱ्यांचे फोटो काढा, बिल जोडा आणि मुदतीत मशीन बदलून मागा. चारही कोपरे पुठ्ठ्यावर स्वच्छ होत असतील, तर मशीन ठेवून घ्या आणि सुताराला बोलवा.